फोटोवरून उतरवलेल्या ट्रायलची डेबिट-क्रेडिट बेरीज कशी तपासायची (नवीन अकाउंट्सवाल्यांसाठी)

क्लायंटने व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, वर लिहिलंय "तेरीज पत्रक, ३१ मार्च २०२५ अखेर", खाली सतरा खाती, नावे आणि जमा असे दोन कॉलम, शेवटी दोन बेरजा. तुम्ही ते सगळं एक्सेलमध्ये उतरवलं, बेरीज मारली आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत. आता काय करायचं? ऑफिसात नवीन आलेली मुलं इथे हमखास एकच गोष्ट करतात, डेबिट वजा क्रेडिट करून जो फरक येतो तो हातात घेऊन खाती चाळत बसतात. तासभर जातो आणि बऱ्याचदा काही सापडत नाही, कारण फोटोवरून उतरवलेल्या ट्रायलमध्ये तो फरक हा शोधायचा पहिला आकडाच नसतो.

कारण साधं आहे. तुमच्यासमोर दोन बेरजा नाहीत, चार आहेत. पानावर लिहिलेली नावेची बेरीज, पानावर लिहिलेली जमेची बेरीज, आणि तुमच्या शीटमध्ये आलेल्या दोन. चूक दोन जागी असू शकते, एक तर दिवाणजींच्या वहीत किंवा तुमच्या वाचण्या-टाइप करण्यात. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि त्यांचा इलाजही वेगळा आहे, वाचण्यातली चूक तुम्ही स्वतः दुरुस्त करायची आणि वहीतली चूक तुम्ही कधीही स्वतः दुरुस्त करायची नाही, ती कळवायची. म्हणून आधी तुमची नावेची बेरीज पानावरच्या नावेच्या बेरजेशी लावायची, तुमची जमेची पानावरच्या जमेशी लावायची, आणि नावे-जमा एकमेकांशी जुळतात का हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. पुढे जे लिहितोय ते सगळं या एकाच गोष्टीवर उभं आहे.

टाइप करायच्या आधी फोटो नीट बघा

फोटो उघडला की आधी आकड्यांकडे बघू नका, कडा बघा. वरचं कॉलमचं नाव दिसतंय का, खालची बेरीज दिसतेय का, उजवीकडचा शेवटचा अंक कापला गेलाय का. उजवीकडे बोटाची सावली पडून एकक स्थानचा अंक गेलेला असतो आणि १२,४८५ चे १२,४८ दिसतात, स्वल्पविरामाच्या जागेवरून हे लगेच कळतं कारण शेवटच्या स्वल्पविरामानंतर नेहमी तीन अंक असायलाच हवेत. पानाला घडी असेल तर घडी नेमकी कुठल्या ओळीवरून गेलीय ते बघा, ती ओळ नंतर पुन्हा तपासायची आहे. यातलं काही अडलं तर अंदाज लावू नका, दुसरा फोटो मागवा. मागवताना सांगा की वही टेबलावर सपाट ठेवा, खिडकीजवळ, फोन बरोबर वर धरा, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षर झूम केल्यावर फुटतं.

कॉलमचं नाव का महत्त्वाचं ते सांगतो. आपण कॉलेजात डेबिट डावीकडे, क्रेडिट उजवीकडे असं शिकून येतो. पण जुन्या देशी पद्धतीच्या कीर्दीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असतं, आणि त्या सवयीचे दिवाणजी तेरीजही तशीच मांडू शकतात. फोटोत वरची ओळ कापली गेली असेल आणि तुम्ही सवयीने डावा कॉलम नावे धरला तर संपूर्ण ट्रायल उलटी उतरेल, आणि मजा म्हणजे ती तरीही जुळेल! म्हणून कॉलमचं नाव दिसत नसेल तर खात्यांवरून ठरवा. रोख शिल्लक, खरेदी, पगार ज्या बाजूला आहेत ती नावे, भांडवल आणि विक्री ज्या बाजूला ती जमा.

अजून एक, पान दोन-तीन असतील तर प्रत्येक पानाच्या शेवटी "पुढे नेले" आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीला "मागील पानावरून" असं लिहून तीच बेरीज ओढलेली असते. या ओळी खाती नाहीत, त्या शीटमध्ये घ्यायच्या नाहीत, नाहीतर तेवढी रक्कम दोनदा धरली जाते. आणि शेवटच्या बेरजेच्या खाली "अखेरचा माल" असं लिहून एक आकडा असेल तर तोही घ्यायचा नाही, ती नोंद पुढच्या हिशोबासाठी दिलेली माहिती असते, बेरजेच्या रेघेखाली आहे म्हणजे बेरजेत नाही.

अक्षर ओळखण्याची किल्ली अनुक्रमांकात असते

आपल्याकडच्या हाताने लिहिलेल्या पानांची खरी अडचण ही की एकाच पानावर मराठी अंक आणि इंग्रजी अंक मिसळलेले असतात. मराठी ४ घाईत लिहिला की वरून थोडा उघडा इंग्रजी 8 वाटतो. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. मराठी ५ चा इंग्रजी 4 होतो. त्यात बॉलपेनची शाई मागच्या पानावरून उमटलेली असली की विचारूच नका.

यावर माझ्या बघण्यातला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे डावीकडचा अनुक्रमांकाचा कॉलम. तिथे त्याच माणसाने, त्याच पेनने, त्याच दिवशी एकापासून सतरापर्यंत आकडे लिहिलेले असतात आणि तिथे कुठला अंक आहे याबद्दल शंका असूच शकत नाही, चौथ्या ओळीत ४ च असणार. म्हणजे शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक त्या माणसाच्या हाताचे तुम्हाला आयते मिळाले. चौथ्या आणि चौदाव्या ओळीवर झूम करा, त्यांचा ४ कसा निघतो बघा, आठव्या ओळीवर ८ बघा, आणि मग रकमांकडे जा. अनुक्रमांक नसेल तर तारखेवरून आणि वर्षावरून जितके मिळतील तितके घ्या.

रकमेच्या पुढची तिरकी रेघ आणि आडवी रेघ, म्हणजे आपण ५०० लिहून पुढे मारतो ती, तीसुद्धा अंक म्हणून वाचली जाते. कॉलमची उभी रेघ एक म्हणून वाचली जाते. फोनमधून टेक्स्ट कॉपी करून शीटमध्ये चिकटवलं तर हे दोन्ही प्रकार जास्त होतात, शिवाय रिकामी जागा त्याला दिसत नाही त्यामुळे नावे-जमा दोन्ही कॉलम एकाखाली एक येतात आणि कुठली रक्कम कुठल्या बाजूची हेच हरवतं. छापील पान असेल तर ठीक, हाताने लिहिलेलं असेल तर सतरा ओळींसाठी हाताने टाइप करणंच लवकर होतं असं मला वाटतं.

शीट कशी मांडायची

पहिल्या कॉलममध्ये खात्याचं नाव, दुसऱ्यात नावे, तिसऱ्यात जमा, ओळी पानावर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, एकही वर-खाली करायची नाही. क्रम बदलला की नंतर फोटोशी ताडून बघताना त्रास होतो. आपल्या सतरा खात्यांसाठी ओळ २ ते १८ लागतील, आणि खाली नावेच्या कॉलममध्ये हे:

```
B19   =SUM(B2:B18)
B20   1820635
B21   =B20-B19
B22   =COUNT(B2:B18)
```

१९ व्या ओळीत तुमची बेरीज, २० व्या ओळीत पानावर लिहिलेली बेरीज (ही हाताने टाइप करायची, फॉर्म्युला नाही), २१ मध्ये फरक आणि २२ मध्ये किती रकमा आहेत ती संख्या. जमेच्या कॉलमला असंच C मध्ये. फरकात अधिक आकडा आला म्हणजे तुमच्याकडे तेवढं कमी आहे, वजा आला म्हणजे तुमच्याकडे जास्त आहे, हे आधीच डोक्यात पक्कं करून ठेवा नाहीतर घाईत उलटं समजतं.

COUNT ची ओळ अनेक जण टाळतात, कृपया टाळू नका. बेरीज बघायच्या आधी फोटोवर पेन्सिलच्या टोकाने मोजा की नावेत किती रकमा आहेत आणि जमेत किती. COUNT फक्त आकडेच मोजतो, त्यामुळे कुठे शून्याऐवजी O अक्षर पडलं असेल किंवा आकड्यात रेघ, स्पेस घुसली असेल तर ती रक्कम एक्सेलच्या दृष्टीने शब्द होते, SUM तिला सोडून देतो आणि सांगतही नाही. संख्या कमी आली की समजायचं एखादी ओळ सुटलीय किंवा एखादा आकडा आकडा राहिलेला नाही. असा आकडा सेलमध्ये डावीकडे चिकटलेला दिसतो, बाकीचे उजवीकडे. टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा आणि स्वल्पविराम देऊ नका, तो फॉरमॅटमधून येऊ दे.

एक ट्रायल पूर्ण सोडवून बघू

तालुक्याच्या गावातलं एक हार्डवेअरचं दुकान, आकडे मी शिकवण्यासाठी बदललेत पण चुका अगदी अशाच झाल्या होत्या. पानावर होतं ते असं:

| खाते | नावे | जमा |
|---|---|---|
| भांडवल | | ४,००,००० |
| आरंभीचा माल | १,८४,५०० | |
| खरेदी | ९,६२,३४० | |
| विक्री | | १२,३८,७५० |
| खरेदी परत | | ९,४०० |
| दुकान भाडे | ९६,००० | |
| पगार | १,३२,००० | |
| हमाली व गाडीभाडे | २७,४६० | |
| वीज बिल | १८,९४५ | |
| मिळालेली सूट | | १,१५० |
| फर्निचर | ६५,००० | |
| गिऱ्हाइकांकडून येणे | १,४३,२७५ | |
| व्यापाऱ्यांना देणे | | १,४६,३३५ |
| हातउसने घेतले | | २५,००० |
| बँक शिल्लक | ५८,६३० | |
| रोख शिल्लक | १२,४८५ | |
| मालकांची उचल | १,२०,००० | |
| एकूण | १८,२०,६३५ | १८,२०,६३५ |

पानावरच्या दोन्ही बेरजा सारख्या आहेत. आमच्याकडच्या नवीन मुलाने हे उतरवलं आणि त्याच्या शीटमध्ये नावेची बेरीज आली १८,१९,१२५ आणि जमेची १८,१९,४८५. तो म्हणाला, फरक ३६० चा आहे सर, फार नाही.

आता हा ३६० बघा किती फसवा आहे. त्याला ९ ने पूर्ण भाग जातो, आणि प्रत्येकाला कुठेतरी सांगितलेलं असतं की फरकाला ९ ने भाग गेला की अंकांची अदलाबदल झालीय, तर तो बिचारा अर्धा तास अदलाबदल झालेला आकडा शोधत होता. मग त्याने निम्मा करून १८० ची रक्कम शोधली, कारण रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक दुप्पट येतो हेही त्याला माहीत होतं. तीही नव्हती. नियम दोन्ही खरे आहेत, पण ते एकच चूक असेल तेव्हा चालतात, आणि इथे चुका तीन होत्या, एकमेकींना कापून ३६० उरला होता.

म्हणून ३६० सोडून दिला आणि COUNT बघितला. पानावर नावेत अकरा रकमा आणि जमेत सहा. शीटमध्ये आल्या बारा आणि पाच. म्हणजे ओळ सुटलेली नाही, सतरा पूर्ण आहेत, पण एक जमेची रक्कम नावेत जाऊन बसलीय. कुठली? जमेचा कॉलम एकटा पानावरच्या जमेशी लावला तर १८,२०,६३५ वजा १८,१९,४८५, म्हणजे बरोबर १,१५० कमी. शीटमध्ये १,१५० कुठाय? मिळालेली सूट, नावेच्या कॉलममध्ये. "सूट" वाचलं की हात आपोआप खर्चाकडे जातो, पण दिलेली सूट खर्च, मिळालेली सूट उत्पन्न, आणि इथे तर डोकं लावायचंच नव्हतं, पानावर जमेत लिहिलंय तर जमेत उतरवायचं. ती हलवली, जमा १८,२०,६३५ झाली, पानाशी जुळली. जमेच्या बाजूला आता हात लावायचा नाही, उरलेली सगळी शोधाशोध अकरा ओळींत.

नावेची बेरीज आता १,१५० ने कमी होऊन १८,१७,९७५ झाली, पानापेक्षा २,६६० कमी. २,६६० ला ९ ने भाग जात नाही (अंकांची बेरीज १४, म्हणून). २,६६० ची एखादी रक्कम सुटली म्हणावं तर COUNT बरोबर अकरा आहे. म्हणजे एकापेक्षा जास्त चुका आहेत असं धरायचं आणि आकड्यांशी खेळणं थांबवून वाचायला बसायचं.

वाचन असं. एकाने फोटो झूम करून ओळ वाचायची, दुसऱ्याने शीटमध्ये टिक मारायची. वाचताना खात्याचं नाव घ्यायचं आणि मग रक्कम अंक-अंक करून, "वीज बिल, एक आठ नऊ चार पाच". अठरा हजार नऊशे पंचेचाळीस असं म्हणायचं नाही. आपल्या मराठीत एकक आधी आणि दशक नंतर बोललं जातं, पंचेचाळीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, आणि ऐकून टाइप करणाऱ्याचा हात ४५ ऐवजी ५४ कडे जातो. शिवाय एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर हे मागच्या टेबलावरून नीट ऐकू येत नाहीत. अंक-अंक वाचलं की हे दोन्ही प्रश्न मिटतात. एकटे असाल तर खालून वर वाचा, वरून खाली वाचताना डोळा आधी बघितलेलंच पुन्हा बघतो.

वीज बिलापाशी टिक अडली. शीटमध्ये 18985 होतं. फोटोत तो अंक खरोखर 8 सारखा दिसत होता, वरची दोन टोकं जवळजवळ चिकटलेली. अनुक्रमांकाचा चौथा आकडा काढून शेजारी ठेवला, अगदी तसाच, वरून बारीक फट असलेला. आठव्या ओळीतला ८ पूर्ण वेगळा होता. म्हणजे हा ४, रक्कम १८,९४५. शीट ४० ने जास्त होतं.

ते दुरुस्त केल्यावर नावेची बेरीज १८,१७,९३५ आणि पानाशी फरक २,७००. आता ९ चा नियम खरंच कामाला आला. २,७०० भागिले ९ म्हणजे ३००. याचा अर्थ असा वाचायचा, शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झालीय, त्या दोन अंकांत ३ चा फरक आहे, आणि उजवीकडचा अंक शतकाच्या जागी आहे, म्हणजे हजार आणि शतक या जागा. शीटमध्ये आकडा कमी पडतोय म्हणजे शीटमध्ये हजाराचा अंक लहान आणि शतकाचा मोठा. अकरा ओळींत हजाराच्या जागी लहान आणि शतकाला त्याहून तीनने मोठा अंक असलेली रक्कम कुठली? हमाली व गाडीभाडे, शीटमध्ये 24760, चार आणि सात. फोटोत २७,४६०. मिळाली. नावे १८,२०,६३५, फरक शून्य.

हे ९ चं असं का होतं हे एकदा समजून घेतलं की पाठ करावं लागत नाही. २७ चे ७२ झाले तर ७ हा अंक एककावरून दशकावर गेला, म्हणजे सातपटीने नऊ वाढले, आणि २ हा अंक दशकावरून एककावर आला, दोनपटीने नऊ घटले, उरले पाच गुणिले नऊ, ४५. शून्य एक जास्त किंवा कमी पडलं तरीही असंच होतं, ४,५०० चे ४५० झाले तर फरक ४,०५०, त्यालाही ९ ने भाग जातो. म्हणून ९ ने भाग गेला की अदलाबदल किंवा शून्य, दोन्ही बघायचं.

फरक तुमचा नसेल तर

दोनदा वाचून झालं, प्रत्येक ओळीला टिक आहे, COUNT बरोबर आहे, तरी एका कॉलमची बेरीज पानाशी जुळत नाही, असं झालं तर शक्यता आहे की पानावरची बेरीजच चुकलीय. हाताने केलेल्या बेरजेत हातचा राहतो आणि मग फरक स्वच्छ १०, १००, १,००० किंवा १०,००० असा येतो. असा गोल फरक दिसला की तो कॉलम तुम्ही कागदावर एकदा दिवाणजींसारखाच, एककापासून हातचे घेत करा, कुठे चुकलंय ते बहुतेक दिसतंच. आणि जर तुमच्या दोन्ही बेरजा पानाशी अगदी जुळतात पण पानावरची नावे आणि जमाच एकमेकांशी जुळत नाहीत, तर तुमचं काम बरोबर झालंय, फरक खतावणीतून ट्रायल काढताना किंवा त्याआधी झालाय आणि तो फोटोवरून सापडणार नाही.

दोन्ही वेळी शीटमध्ये कुठलाही आकडा "बसवायचा" नाही. फरकाएवढी रक्कम उचंत खात्याला टाकून ट्रायल जुळवणं हा निर्णय तुमचा नाही, तो साहेबांनी घ्यायचा, तोही वही बघून. तुम्ही फक्त नेमकं कळवायचं. समजा वरच्या पानावर नावेची बेरीज १८,१९,६३५ लिहिलेली असती, तर मी असं लिहिलं असतं: "दिवाणजी, नमस्कार. ३१ मार्चच्या तेरजेत नावेच्या अकरा रकमांची बेरीज मला १८,२०,६३५ येतेय, पानावर १८,१९,६३५ लिहिलंय, १,००० कमी. सगळ्या रकमा दोनदा वाचल्या. हजाराच्या जागी हातचा राहिला असेल असं वाटतं, जरा वहीत बघून सांगता का?" यात कुठला कॉलम, किती ओळी, तुमचा आकडा, त्यांचा आकडा, सगळं आहे, त्यामुळे त्यांना पूर्ण पान परत तपासावं लागत नाही. "ट्रायल टॅली होत नाहीये" एवढंच पाठवलं तर ते नवीन फोटो पाठवतील आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून.

बेरीज जुळली तरी जी चूक दिसत नाही

फोटो थोडा तिरका असला की डावीकडचं खात्याचं नाव आणि उजवीकडची रक्कम एका रेषेत दिसत नाहीत, उजवी बाजू अर्धी ओळ खाली उतरते. मग भाड्याची रक्कम पगारासमोर आणि पगाराची हमालीसमोर असं एक-एक ओळ सरकून उतरतं. कॉलमची बेरीज तीच राहते, COUNT तोच राहतो, नावे-जमा जुळतात, आणि तरी ट्रायल चुकीची असते. माझ्या हातून सुरुवातीच्या दिवसांत एकदा बँक आणि रोख याच पद्धतीने बदलले गेले होते आणि ते ताळेबंदापर्यंत तसेच गेले, बँकेचं पासबुक समोर आलं तेव्हा कळलं. तेव्हापासून वाचताना खात्याचं नाव मोठ्याने घेतल्याशिवाय रक्कम घेत नाही, आणि फोटो तिरका असेल तर स्क्रीनवर कागदाची सरळ कड धरून ओळ दाखवतो.

दुसरं, एकाच कॉलममध्ये दोन चुका एकमेकींना बरोबर कापून गेल्या तर तीही बेरजेत दिसत नाही, हे क्वचित होतं पण होतं. म्हणून जुळल्यानंतरही मी दोन-तीन रकमा बाहेरच्या कागदाशी लावतो. बँक शिल्लक ३१ मार्चच्या पासबुकाशी (न वटलेले चेक असतील तर तेवढा फरक राहील, तो विचारून घ्यायचा), आरंभीचा माल मागच्या वर्षीच्या ताळेबंदातल्या अखेरच्या मालाशी, आणि भाडं महिन्याच्या भाड्याच्या बारा पटीशी. आपल्या दुकानाचं भाडं महिना ८,००० होतं, बारा महिन्यांचे ९६,०००, बसलं. पगाराच्या ओळीत चुकून ९६,००० पडले असते तर ते इथेच दिसलं असतं.